अवतरण कुठे तोडायचं

प्रश्न: स्पर्धा परीक्षेला इतिहास ऑप्शनल, माध्यम मराठी. टेस्टमध्ये शेरा येतो, ‘इतिहासकारांचे संदर्भ द्या’. दिले की पुढच्या वेळी शेरा येतो, ‘भरताड’. नेमकं किती आणि कसं लिहायचं? मूळ वाक्य इंग्रजीत असेल तर मराठी करून अवतरणचिन्हात टाकलं तर चालतं का? आणि नाव नक्की आठवत नसेल तर?

उत्तर:

दोन्ही शेऱ्यांचं मूळ एकच आहे. पहिल्या वेळी उत्तरात नाव नव्हतं, दुसऱ्या वेळी नुसतंच नाव होतं. तपासणाऱ्याला इतिहासकाराचा दावा हवा असतो आणि त्यामागचं कारण हवं असतं. हा दावा कुणाचा, एवढं सांगण्यापुरतं नाव लागतं. दादरला मी बरीच वर्षं सराव-परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासते आहे, आणि हा घोळ सगळ्यात जास्त १८५७ च्या प्रश्नात होतो. म्हणून तोच एक प्रश्न घेते.

प्रश्न समजा असा आहे: ‘१८५७ चा उठाव हे केवळ शिपायांचे बंड होते, या विधानाची चिकित्सा करा.’ पंधरा गुण, साधारण २५० शब्द. २५० गुणांच्या पेपरला १८० मिनिटं मिळतात, म्हणजे या उत्तराच्या वाट्याला पावणेअकरा मिनिटं येतात. त्यातला हा परिच्छेद बघा. कुणा एकाचा नाही, पण असे मी इतके वाचलेत की डोळे मिटूनही लिहू शकेन:

> १८५७ च्या उठावाबाबत इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. थोर इतिहासकार आर. सी. मजुमदार आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात म्हणतात, ‘तथाकथित पहिले राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध हे पहिलेही नव्हते, राष्ट्रीयही नव्हते आणि स्वातंत्र्ययुद्धही नव्हते.’ याउलट स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी त्याला ‘भारताचे पहिले स्वातंत्र्ययुद्ध’ असे संबोधले आहे. प्रसिद्ध इतिहासकार एस. एन. सेन यांच्या मते, ‘धर्मासाठी सुरू झालेला लढा स्वातंत्र्ययुद्धात परिणत झाला.’ एरिक स्टोक्स यांनीही याविषयी महत्त्वपूर्ण विचार मांडले आहेत. अशा प्रकारे विविध इतिहासकारांनी विविध मते मांडलेली दिसतात.

हे जवळजवळ ७० शब्द झाले, म्हणजे उत्तराचा पाव भाग संपला. चार नावं आली, पण मजुमदार असं का म्हणतात ते कळत नाही, सेन नक्की काय म्हणतात ते कळत नाही, आणि स्टोक्सचं तर काहीच कळत नाही. ‘थोर’, ‘सुप्रसिद्ध’, ‘महत्त्वपूर्ण’ ही विशेषणं पहिल्या झटक्यात काढा. तपासणाऱ्याला मजुमदार ठाऊक आहेत.

मी वर्गात दोन कसोट्या लावायला सांगते. वाक्यातलं नाव पेन्सिलीने खोडा आणि उरलेलं वाचा. दावा आणि कारण शिल्लक राहिलं तर वाक्य ठीक आहे, फक्त ‘म्हटले आहे’ एवढंच राहिलं तर ते भरताड. मग त्याच जागी दुसऱ्याच इतिहासकाराचं नाव घाला. ‘एरिक स्टोक्स यांनीही महत्त्वपूर्ण विचार मांडले आहेत’ यात स्टोक्स काढून बिपन चंद्र घातले तरी वाक्य तसंच चालतं. ज्या वाक्यात कुणाचंही नाव बसतं, ते कुणाबद्दलच काही सांगत नाही.

आता आतली चूक बघू, कारण गुण खरे तिथे जातात. सेन यांचं ते प्रसिद्ध वाक्य परिच्छेदात अर्धंच आलं आहे. धर्मासाठी सुरू झालेला लढा स्वातंत्र्ययुद्ध होऊन संपला, हा त्याचा पूर्वार्ध. त्याच वाक्यात पुढे सेन म्हणतात की बंडखोरांना परकी सरकार घालवायचं होतं आणि जुनी व्यवस्था परत आणायची होती, आणि दिल्लीचा बादशहा त्या व्यवस्थेचा हक्काचा प्रतिनिधी होता. सगळं वजन या उत्तरार्धात आहे. पूर्वार्ध एकटा वाचला की सेन सावरकरांच्या शेजारी जाऊन बसतात. उत्तरार्ध जोडला की कळतं, त्यांच्या ‘स्वातंत्र्यात’ आधुनिक राष्ट्र अभिप्रेत नाही, परक्या सत्तेपासून सुटका आणि आधीच्या राजवटीची पुनर्स्थापना अभिप्रेत आहे. प्रश्न ‘चिकित्सा करा’ असा असताना हाच फरक तुमच्या कामाचा असतो, आणि नेमका तोच टाकून दिलेला असतो, कारण गाईडमध्ये वाक्य तिथेच तुटलेलं असतं.

मजुमदारांचंही तेच होतं. ‘पहिलेही नव्हते, राष्ट्रीयही नव्हते’ हे वाक्य लयदार आहे, म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलं. (पवित्र रोमन साम्राज्य हे पवित्रही नव्हतं, रोमनही नव्हतं आणि साम्राज्यही नव्हतं, या व्हॉल्टेअरच्या वाक्याचीही ठेवण अशीच आहे. असली वाक्यं पाठ होतात आणि त्यांच्यामागचा युक्तिवाद मागेच राहतो.) पण त्यांच्या १९५७ च्या पुस्तकाचं नावच बघा: शिपायांचं बंड ‘आणि’ १८५७ चा उठाव. दोन गोष्टी, मध्ये ‘आणि’. काही भागांत फक्त शिपायांचं बंड झालं, काही भागांत त्याच्यामागोमाग सामान्य लोकही उठले, आणि सगळीकडे एकच चित्र नव्हतं, असं ते मांडतात. राष्ट्रीय म्हणायला ते तयार नाहीत, कारण नेत्यांचे हेतू ज्याचे त्याचे होते आणि सगळ्यांना बांधणारी एक योजना दिसत नाही. म्हणजे ‘केवळ शिपायांचे बंड’ या विधानाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून ज्यांना मुलं उभं करतात, ते मजुमदार ‘केवळ’ या शब्दाशी सहमतच नाहीत. पुस्तकाचं नाव एरवी लिहू नका, जागा खातं. इथे मात्र नावातला ‘आणि’ पुरावा म्हणून वापरता येतो, तेव्हा जरूर लिहा.

सावरकरांच्या बाबतीत आणखी एक बारीक चूक आहे. ‘भारताचे पहिले स्वातंत्र्ययुद्ध’ हे शब्द अवतरणचिन्हात टाकून ते पुस्तकाचं नाव असल्यासारखं लिहितात. १९०९ मध्ये इंग्रजीत छापल्या गेलेल्या त्या पुस्तकाच्या नावात ‘पहिले’ हा शब्द नाही, आणि मराठी नाव ‘१८५७चे स्वातंत्र्यसमर’ आहे. ‘सावरकर १८५७ ला स्वातंत्र्ययुद्ध मानतात’ एवढं बिनचूक आणि पुरेसं आहे.

शिवाय या प्रश्नात ते कशासाठी हवेत, हे आधी ठरवा. विधान शिपायांबद्दल आहे, आणि त्याला उत्तर द्यायला उठावात शिपायांखेरीज कोण होतं याचा पुरावा लागतो. तो मागच्या पन्नासेक वर्षांतल्या प्रादेशिक अभ्यासांत जास्त भक्कम मिळतो. सावरकरांचं पुस्तक दुसऱ्या एका प्रश्नात सोन्यासारखं आहे: क्रांतिकारी राष्ट्रवादाने १८५७ कडे कसं पाहिलं? तिथे ते १८५७ वरचं दुय्यम साधन राहत नाही, १९०९ सालच्या विचारांचं प्राथमिक साधन होतं. सरकारने प्रकाशनाआधीच त्यावर बंदी घातली, हीसुद्धा त्या प्रश्नात वापरण्याजोगी गोष्ट आहे. पुस्तक तेच, पण प्रश्न बदलला की साधनाची जात बदलते. हे एका ओळीत दाखवलं की तपासणारा थांबून वाचतो.

आता तोच परिच्छेद मी पुन्हा लिहिते:

> मजुमदार (१९५७) उठावाला राष्ट्रीय मानत नाहीत, कारण नेत्यांचे हेतू स्थानिक आणि परस्परांपासून वेगळे होते. तरी काही भागांत शिपायांच्या बंडामागोमाग लोकांचा उठाव झाला, हे ते मान्य करतात. अवध हे त्याचे ठळक उदाहरण. १८५६ च्या जमाबंदीनंतर तालुकदारांकडील गावे ६७ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आली, आणि तेथे तालुकदार व शेतकरी एकत्र लढल्याचे रुद्रांग्शु मुखर्जी दाखवतात. सेन यांच्या मते धर्मरक्षणासाठी सुरू झालेला लढा परकी सत्ता हटवण्याचा झाला. मात्र बंडखोरांना जुनीच राजवट परत आणायची होती, हेही ते नोंदवतात. म्हणून ‘केवळ शिपायांचे बंड’ हे वर्णन अपुरे ठरते, पण ‘राष्ट्रीय युद्ध’ म्हणण्याइतका पुरावाही मिळत नाही.

शब्द मोजले तर हा आधीच्यापेक्षा वीसेक शब्दांनी मोठा आहे. तरी मी याला आखूड म्हणेन, कारण हा परिच्छेद आता उत्तराचा कणाच झाला आहे आणि पुढे वेगळं ‘विश्लेषण’ लिहायची गरज उरत नाही. नावं आणि ‘मानतात’, ‘दाखवतात’ असली क्रियापदं मिळून पंधरा-सोळा शब्दांत आटोपली. संदर्भासाठी २५० शब्दांच्या उत्तरात एवढाच खर्च परवडतो, आणि तीन नावं ही वरची मर्यादा धरा. १५० शब्दांच्या उत्तरात एक, फार तर दोन. सामान्य अध्ययनाच्या पेपरमध्ये तर एकही नाव नसलं तरी बिघडत नाही, तिथे ६७ आणि ३८ हे आकडेच जास्त बोलतात.

एक बघा, वरच्या परिच्छेदात इतिहासकाराच्या शब्दांभोवती अवतरणचिन्ह कुठेही नाही. चिन्हं आहेत ती प्रश्नातल्या आणि चर्चेतल्या संज्ञांना. हेच तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर. मजुमदार, सेन, स्टोक्स, मुखर्जी यांनी या पुस्तकांत जे लिहिलं ते इंग्रजीत. तुम्ही त्याचं मराठी करता, तेव्हा शब्द तुमचे असतात आणि विचार त्यांचा. अवतरणचिन्ह सांगतं की हे शब्दही त्यांचेच आहेत, आणि ते खरं नसतं. एकाच बॅचच्या वह्यांत सेन यांचं एकच वाक्य मी ‘परिणत झाला’, ‘रूपांतर झाले’, ‘पर्यवसान झाले’ अशा तीन तऱ्हांनी, तिन्ही वेळा अवतरणात वाचलं आहे. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या की चिन्हाला काही अर्थच राहत नाही. म्हणून इंग्रजीतल्या माणसाचं म्हणणं नेहमी ‘यांच्या मते… असे’, ‘असे ते दाखवतात’ या वळणाने द्या. याने शब्दही वाचतात, आणि कुठे तोडायचं, काय जोडायचं हे तुमच्या हातात राहतं.

मूळ मराठीत असलेल्या साधनाला मात्र अवतरणचिन्ह जरूर द्या. मराठी माध्यमाचा हा फायदा फारच कमी जण घेतात. १८९७ च्या प्लेगच्या काळातल्या सरकारी दडपशाहीवर प्रश्न आला तर ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’तल्या अग्रलेखाचा मथळा (जुलै १८९७) जसाच्या तसा लिहिता येतो. पाच शब्द, भाषांतराची भानगड नाही, आणि रँडच्या खुनानंतर अवघ्या काही आठवड्यांत पुण्यातलं वातावरण काय होतं ते त्या पाच शब्दांत येतं. पुढे तुमचं वाक्य फक्त एवढंच हवं की खुनानंतर सरकारने शहरावर जी करडी नजर वळवली, त्याला हा जाब होता.

मराठी साधनातही तोडण्याचा प्रश्न सुटत नाही. सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या (१८८३) ओळी. शिक्षण, शेती, जात, कशावरही प्रश्न असो, मुलं ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले’ असं सुरुवातीला सुवाच्य अक्षरात लिहितात आणि तिथे थांबतात. फुले तिथे थांबत नाहीत. पुढे येतं ‘वित्ताविना शूद्र खचले’ आणि मग ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’. आधीच्या चार ओळी ही साखळी आहे आणि शेवटच्या दोन हा निष्कर्ष आहे: कोण खचलं आणि कशामुळे. त्याच दोन गाळल्या की उरतो तो शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. वाहून गेलेली असते ती जातीची बाजू, म्हणजे फुल्यांचं सगळं म्हणणंच. उत्तरात मी फक्त हे लिहीन: ‘शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ फुले शूद्रांना नाकारलेल्या शिक्षणात शोधतात: “इतके अनर्थ एका अविद्येने केले” (शेतकऱ्याचा असूड, १८८३).’ अवतरणातले शब्द फक्त पाच आहेत, आणि वजन जिथे आहे तिथलेच आहेत.

कुठे तोडायचं याचा नियम विचाराल तर माझ्यापुरता असा: वाक्यातला जो भाग वाचून एखादा इतिहासकार ‘थांबा, मला हे मान्य नाही’ म्हणू शकेल, तो भाग ठेवायचा. ‘मती गेली, नीती गेली’ याला कुणी हरकत घेणार नाही. ‘इतके अनर्थ एका अविद्येने’ याला घेऊ शकतो: दुष्काळ, सारा, सावकारी यांचं काय, असं विचारू शकतो. तिथूनच तुमची चर्चा सुरू होते.

आता क्रियापदं. मराठीत आपण सगळ्यांना ‘म्हणतात’ लावतो आणि तिथे एक शब्द फुकट जातो. ‘दाखवतात’ तेव्हाच लिहा, जेव्हा माणसाने कागदपत्रांच्या आधारे काही उभं केलं आहे. मुखर्जींनी अवधवर ते केलं. ‘मानतात’ किंवा ‘मांडतात’ हे अर्थ लावण्यासाठी. ‘मान्य करतात’ हे सगळ्यात कामाचं, कारण ते सांगतं की लेखक स्वतःच्या मुख्य मताविरुद्ध जाणारी गोष्ट कबूल करतो आहे. ‘सिद्ध केले’ हे मी खोडते. १८५७ च्या स्वरूपाबद्दल कुणी काही सिद्ध केलेलं नाही.

प्राथमिक साधनांचं गणित वेगळं आहे. तिथे कोण बोलतंय, कधी बोलतंय आणि त्याचा त्यात काय संबंध, हे सांगितलं नाही तर उल्लेख अर्धवट राहतो. आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर १८५७ मध्ये सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं. दिवाळीच्या सुमारास उठायचा त्यांच्या पलटणींचा बेत उघडकीला आला होता. ही हकिकत मुलं पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याच्या पुस्तकावरून लिहितात: सोनापूरजवळच्या गंगाप्रसादच्या घरात शिपाई जमत, आणि फोर्जेट भिंतीच्या भोकांतून त्यांचं बोलणं ऐकत असे. प्रसंग जिवंत आहे, मोह होतो. पण पुस्तक १८७७ चं आहे, वीस वर्षांनंतरचं, आणि कट मीच हाणून पाडला असं सांगणारा माणूसच त्याचा लेखक आहे. म्हणून वाक्य असं हवं: ‘कट उघड करणारे पोलीस अधिकारी फोर्जेट (१८७७) स्वतःच सांगतात त्याप्रमाणे मुंबईतील पलटणींतही उठावाची तयारी होती.’ यातल्या ‘स्वतःच सांगतात त्याप्रमाणे’ या तीन शब्दांत सगळी साधनचिकित्सा आली. ‘मात्र हे साधन पक्षपाती असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं वेगळं वाक्य लागत नाही. आणि भिंतीची भोकं वहीत राहू द्या, उत्तरात नकोत.

गोडसे भटजींचंही असंच. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि झाशी पडली तेव्हा शहरातच सापडला. ‘माझा प्रवास’सारखं साधन कुठल्याही इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हेवा वाटावा असं आहे, कारण सामान्य माणसाच्या नजरेतून एप्रिल १८५८ ची झाशी दिसते आणि तीही मराठीत. फक्त दोन गोष्टी जोडा: लिहिलं ते १८८३ च्या सुमारास, आठवणीतून, आणि १९०७ ला छापलं ते चिं. वि. वैद्यांनी संपादन करून. ‘सुमारे २५ वर्षांनी आठवणीतून लिहिणारे गोडसे भटजी झाशीतील कत्तलीचे वर्णन करतात’ यात वेळेचं अंतर आलं, आणि साक्षीदाराचं मोलही कमी झालं नाही. पण ‘केवळ शिपायांचे बंड’ या प्रश्नात मी त्यांना आणणार नाही. त्यांनी पाहिला तो शहरावरचा प्रसंग, आणि उठावात कोण सामील होतं यावर त्यातून थेट उत्तर निघत नाही. आवडतं साधन वापरायचंच म्हणून वापरलं की तेही भरताडच होतं.

आता नाव नक्की आठवत नसेल तर. माझा सल्ला ठाम आहे: नाव सोडा, म्हणणं ठेवा. ‘काही इतिहासकारांच्या मते’ असंही लिहू नका, ते फारच सैल आहे. ते कुठल्या प्रकारचं लेखन आहे ते सांगा: ‘१९५७ च्या शताब्दीच्या सुमारास झालेल्या लेखनात’, ‘अवधवरील प्रादेशिक अभ्यासांत’, ‘उठाव दडपणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वृत्तांतांत’. यात खोटं काही नाही आणि माहिती ‘काही इतिहासकार’ यापेक्षा जास्त आहे. चुकीच्या नावाने होणारं नुकसान मोठं असतं. एका छापील नोट्समध्ये मजुमदारांचं ‘पहिलेही नव्हते’ सेन यांच्या नावावर होतं, आणि त्या वर्षी वह्यांमागून वह्यांत तेच आलं. तपासणाऱ्याला ही चूक दिसली की पुढची बरोबर नावंही तो संशयाने वाचतो.

सालाच्या बाबतीतही हेच. साल कंसात लिहिता तेव्हा ते पुस्तक छापल्याचं साल असतं, माणूस तसं म्हणाल्याचं नव्हे. ‘१९८६ मध्ये एरिक स्टोक्स म्हणाले’ असं वाक्य मी अनेकदा खोडलं आहे. स्टोक्स १९८१ मध्येच वारले. ‘द पेझंट आर्म्ड’ हे त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे सी. ए. बेली यांनी संपादित करून १९८६ मध्ये आणलं. ‘स्टोक्स (१९८६, मरणोत्तर)’ चालेल, नुसतं ‘स्टोक्स’ त्याहून चांगलं चालेल. साल फक्त तिथे द्या जिथे ते काही सांगतं. मजुमदार आणि सेन दोघांचीही पुस्तकं १९५७ ची, शताब्दीच्या वर्षातली. सेन यांचं सरकारने लिहून घेतलेलं आणि मौलाना आझादांची प्रस्तावना असलेलं. मजुमदार मात्र स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या सरकारी प्रकल्पातून बाहेर पडून स्वतंत्रपणे लिहीत होते. इतिहासलेखनावरच प्रश्न असेल तर १९५७ हा आकडा एकटाच अर्धा परिच्छेद वाचवतो. वरच्या उत्तरात मी तो एकदाच, मजुमदारांपाशी ठेवला आहे, तो एवढ्याचसाठी.

तयारी कशी करायची, तर प्रत्येक मोठ्या विषयाला वहीचं एक पान आणि पानावर चारच नावं. प्रत्येक नावापुढे तीन ओळी: दावा, त्याचं कारण, आणि ‘पण’. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे: लेखक स्वतः कुठे मर्यादा घालतो, किंवा कोण त्याला हरकत घेतं. मजुमदारांच्या ‘पण’मध्ये येईल लोकांचा उठाव, सेनांच्या ‘पण’मध्ये जुनी राजवट, मुखर्जींच्या ‘पण’मध्ये ‘हे अवधपुरतं’. स्टोक्ससाठी लिहा: गावोगावी सहभाग वेगळा, कोण उठलं आणि कोण शांत राहिलं हे नुसत्या साऱ्याच्या ओझ्यावरून ठरत नाही, स्थानिक वर्चस्व आणि जातींचे आपसातले संबंधही बघावे लागतात. ‘पण’ची ओळ रिकामी राहिली तर ते नाव अजून परीक्षेला न्यायच्या लायकीचं झालेलं नाही.

ही ओळ गाईडमधून भरता येत नाही, मूळ पुस्तक हातात घ्यावं लागतं. पूर्ण वाचायची गरज नाही. सालासाठी आतलं पहिलं पान, मग प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, आणि तुमचं ते प्रसिद्ध वाक्य जिथे आहे त्याच्या आधीचं आणि नंतरचं एक पान. एका विषयाची चार पुस्तकं अशी बघायला एक दिवस पुरतो. कालिन्याला विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, फोर्टात टाऊन हॉलमध्ये एशियाटिक आहे, आणि ‘माझा प्रवास’सारख्या मराठी पुस्तकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. आधी सेन यांचं पुस्तक मागा, आणि ते वाक्य पूर्णविरामापर्यंत स्वतःच्या हाताने उतरवून घ्या.